गडावर जाताना फोनचा कुकारा थांबवा

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकंतीला निघणाऱ्या सर्वांना, आणि घरी त्यांची वाट पाहणाऱ्यांनाही, कळकळीचे आवाहन

येत्या शनिवार-रविवारी गडावर निघणार असाल, तर सॅक भरण्याआधी एवढे वाचा. मागणी एकच आहे. पायथ्याचे शेवटचे घर मागे पडले की फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि दिवसभरात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उघड्या जागी, पाचच मिनिटे रेंजवर आणा. एवढे केलेत तर संध्याकाळी काही बिनसले तरी तुमच्या हातात चालता फोन असेल. न केल्यास काय होते ते आम्ही बचाव पथकातले लोक दर पावसाळ्यात पाहतो.

मागच्या एका ऑगस्टमधली गोष्ट. चार मुले खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर निघाली. तोलार खिंड ओलांडून, कातळटप्पा चढून वरच्या पठारावर आली आणि धुक्यात वाट चुकली. ते पठार धुक्यात फसवे आहे. एकसारख्या टेकड्या, एकसारखे ओढे, आणि देवळाकडे जाणारी वाट कुठली ते रोजच्या माणसालाही क्षणभर थांबून ठरवावे लागते. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांच्यातल्या एकाचा फोन लागला. "आम्ही हरवलोय, खूप धुकं आहे, डावीकडे एक ओढा..." एवढे बोलला आणि आवाज तुटला. नंतर रात्रभर तो फोन लागला नाही. डावीकडे ओढा असलेल्या जागा त्या पठारावर डझनभर असतील. आम्ही बॅटऱ्या आणि दोर घेऊन रात्रभर चुकीच्या बाजूला हिंडलो. पहाटे मुले सापडली ती देवळापासून फार लांब नव्हती. भिजलेली, गारठलेली, पण धडधाकट.

मी पहिला प्रश्न विचारला तो फोनचा. चौघांचेही फोन सकाळी पूर्ण चार्ज होते. दोन दुपारीच बंद पडले. तिसऱ्याने तो अर्धवट फोन केला, तेव्हा त्याची बॅटरी नऊ टक्के दिसत होती आणि बोलता बोलता तो विझला. चौथा ओढ्यात भिजला. "पण आम्ही फोन वापरलाच नव्हता, खिशातच होता," ती मुले पुन्हा पुन्हा सांगत होती. ती खोटे बोलत नव्हती. त्यांनी वापरला नव्हता. फोन स्वतःच स्वतःला वापरत होता.

खिशातला फोन काय करत असतो

रानात दोघे हरवले की एकमेकांना कुकारे घालतात. समोरचा दहा पावलांवर असेल तर हळू बोलले तरी चालते. तो पलीकडच्या डोंगरावर असेल तर छाती फुटेपर्यंत ओरडावे लागते. फोनचेही तसेच आहे. टॉवर जवळ असला की तो फोनला सांगतो, हळू बोल, ऐकू येतेय. टॉवर लांब गेला, मध्ये डोंगर आला, की तोच टॉवर म्हणतो, जोरात बोल. फोन आपला जोर वाढवत नेतो आणि शेवटी त्याच्या मर्यादेला येऊन थांबतो. ४जी फोनसाठी ही मर्यादा साधारण २०० मिलिवॉट आहे. हा आकडा छोटा वाटेल, पण तो अँटेनातून बाहेर पडणाऱ्या लहरींचा आहे. तेवढी लहर बाहेर काढण्यासाठी आतली यंत्रणा बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट खेचते. पूर्ण जोरात बोलताना फोनचा हा भाग ढोबळमानाने दोन वॉटच्या आसपास खातो असे धरा.

हा जोर किती वाढतो याचा अंदाज हवा असेल तर अँड्रॉइड फोनमध्ये Settings मधल्या About phone मध्ये जाऊन SIM status उघडा. तिथे Signal strength पुढे एक उणे आकडा दिसेल, त्याला डीबीएम म्हणतात. तो शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. ४जीवर उणे ८५ म्हणजे छान, उणे १०५ म्हणजे अशक्त, उणे ११५ च्या पलीकडे म्हणजे दोरीला लोंबकळणारी रेंज. यात दहाचा फरक म्हणजे दहापट फरक. उणे ८५ वरून उणे ११५ वर गेलात तर तुमच्यापर्यंत पोचणारा सिग्नल हजारपट क्षीण झाला. फोनच्या पट्ट्यांवर मात्र चाराच्या दोन झाल्या एवढेच दिसते. म्हणून पट्ट्यांवर विसंबू नका, आकडा पाहा. गावात एकदा, गडावर एकदा पाहिलात की पुन्हा कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

बॅटरी मात्र हजारपट वेगाने संपत नाही, कारण यंत्रणा नुसती जागी ठेवण्याचाही एक ठरलेला खर्च असतो. खरा घात जोरापेक्षा वेळेने होतो. क्षीण सिग्नलवर फोन आणि टॉवर एकमेकांशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतात. शब्द हरवला की पुन्हा म्हणतात. त्यामुळे जे काम गावात एका सेकंदात उरकते, तेच वर दोन मिनिटे चालते, आणि ती दोन्ही मिनिटे पूर्ण आवाजात.

एक हिशेब मांडून पाहू. वाटेत धबधबा लागला, तुम्ही ६० एमबीचा व्हिडिओ काढला आणि फोन खिशात ठेवला. फोटो आपोआप क्लाउडवर चढवण्याची सोय चालू आहे, बहुतेकांची असते. शहरात सेकंदाला २० मेगाबिट वेग मिळाला तर तो व्हिडिओ २४ सेकंदांत जातो आणि कळतही नाही. गडावर तोच वेग ०.२ मेगाबिटवर आला, तर त्याच व्हिडिओला ४० मिनिटे लागतात. चाळीस मिनिटे दोन वॉटने म्हणजे सुमारे १.३ वॉट-तास. आजच्या ५००० एमएएच बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. म्हणजे एका धबधब्याने खिशातल्या खिशात सात टक्के बॅटरी नेली. तीही व्हिडिओ एका दमात गेला तर. प्रत्यक्षात तुम्ही कड्याआड जाता, जोडणी तुटते, आणि पुढच्या वळणावर फोन पुन्हा प्रयत्नाला लागतो. असे पाच-सहा व्हिडिओ, चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक मेल, एक हवामानाचे अ‍ॅप. मुलांचे फोन दुपारीच का मेले याचे उत्तर इथेच आहे.

रेंज अजिबात नसेल तर काय? तेव्हा फोन ओरडत नाही, पण कान टवकारून फिरत राहतो. आपल्या इथे वेगवेगळ्या कंपन्यांचे टॉवर ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३०० अशा अनेक मेगाहर्ट्झवर बोलतात, शिवाय २जी, ४जी, ५जी असे प्रकार. फोन ही सगळी दारे एकेक करून ठोठावतो. काही सापडले नाही की थोडा थांबतो आणि पुन्हा पहिल्या दारापासून सुरू करतो. खोल दरीत, जिथे मुळीच रेंज नाही, तिथे एकवेळ तो थोडा सुस्तावतो. सर्वात वाईट जागा म्हणजे गडाची धार. तिथे लांबलांबचे चार टॉवर पुसटसे ऐकू येतात. फोन एकाला पकडतो, तो निसटतो, दुसऱ्याकडे जातो, आपली नोंद करतो, पुन्हा पहिल्याकडे येतो. "वर रेंज येते-जाते" असे आपण म्हणतो, त्यातली प्रत्येक ये-जा बॅटरीतून वजा होते.

तुमच्या फोनचे हेच होत आहे का, हे ओळखायला दोन खुणा पुरतात. खिशात न वापरता ठेवलेला फोन कोमट लागतो. आणि Settings मधल्या Battery च्या यादीत Mobile network वरच्या क्रमांकांत दिसते. आयफोनच्या बॅटरीच्या यादीत रेंज नसल्याने झालेला खर्च No Cell Coverage अशा नावाने वेगळा दाखवलेला आढळतो. ही नोंद मोठी दिसली तर दोष बॅटरीचा किंवा अ‍ॅपचा नाही, जागेचा आहे.

काय करायचे, कुठे करायचे

खालची कामे घरी आणि पायथ्याच्या गावात करा. वर गेल्यावर ओल्या बोटांनी सेटिंग शोधायला सुचत नाही.

घरी, वाय-फायवर असताना, ज्या भागात जाणार त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे तो नेटशिवाय उघडेल. फोटो आपोआप चढवण्याची सोय Google Photos असो वा iCloud, फक्त वाय-फायपुरती ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही बॅकअप वाय-फायवरच होईल असे करा. एवढ्या एका कामाने वरच्या हिशेबातला सर्वात मोठा आकडा खोडला जातो.

पायथ्याच्या गावात पोचलात की चहा पिताना तिथल्या माणसांना विचारा, "वर कुठल्या कंपनीची रेंज मिळते, आणि नेमकी कुठे?" त्यांना ते ठाऊक असते. अमक्या टाक्यापाशी, तमक्या झाडाखाली, अशा जागा ते अचूक सांगतात. त्या लिहून घ्या. मग फोनमध्ये दोन सिम असतील तर ज्या कंपनीची रेंज वर नाही ते सिम Settings मधल्या SIMs मध्ये जाऊन बंद करा. दोन सिमचा फोन म्हणजे एका घरात दोन शोधकर्ते. एकाला टॉवर सापडला तरी दुसरा आपला शोध थांबवत नाही. एक सिम बंद करणे हा साधा उपाय आहे, आणि शंभरात पाच जणही तो करताना मला दिसत नाहीत.

त्याच SIMs मध्ये Preferred network type नावाची निवड असते. काही फोनवर तिला Network mode म्हणतात, आयफोनवर ती Voice & Data या नावाने सापडते. तिथे ५जी काढून ४जी किंवा LTE ठेवा. ५जीच्या मोठ्या वेगाच्या लहरी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या आहेत, त्या डोंगराला वळसा घालून येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी ५जी चालतो तो ४जीच्या आधाराने, म्हणजे फोनला दोन्हीकडे जोडणी सांभाळावी लागते. गडावर त्याचा काही उपयोग नाही, नुसती धावपळ आहे.

इथे एक सावधगिरी. जुने जाणते ट्रेकर सांगतात, "२जीवर टाक, बॅटरी पुरते." नुसता पडून असलेल्या फोनपुरते ते खरे आहे, पण जिओकडे २जी जाळेच नाही. जिओचे सिम असताना फोन फक्त २जीवर ठेवलात तर रेंज समोर असूनही तुमचा फोन मुका होईल. बाकी कंपन्यांच्या सिमवर हा उपाय चालू शकतो, तरी ज्याला याची सवय नाही त्याने ४जीवरच थांबावे.

आता मोबाइल डेटा बंद करा. डेटा बंद केला तरी फोन येतात, जातात, एसएमएसही चालतात. बंद होते ते अ‍ॅपचे मागच्या दाराने चाललेले बोलणे. हे महत्त्वाचे का, तर निव्वळ पडून असलेला फोन टॉवरचे फक्त ऐकत असतो, दर सेकंद-दोन सेकंदांनी डोळा उघडून पुन्हा झोपतो, आणि त्याला फार लागत नाही. त्याला उठवून ओरडायला लावतात ती अ‍ॅप्स. एखादा छोटासा निरोप आला तरी त्यानंतर फोनची जोडणी काही सेकंद उघडीच राहते. मिनिटाला एक "सुप्रभात" आला तर फोनची झोप सारखी मोडते. बॅटरी सेव्हर किंवा Low Power Mode लावल्याने अ‍ॅप थोडी गप्प बसतात, पण टॉवरचा शोध त्याने थांबत नाही. तो थांबवणारे बटण एकच, एअरप्लेन मोड.

ते दाबण्याआधी, आणि डेटाही बंद करण्याआधी, एक मिनिट थांबा. नकाशा उघडा, उघड्या आभाळाखाली उभे राहा आणि आपला निळा ठिपका जागेवर येऊ द्या. जीपीएस उपग्रहांचे फक्त ऐकतो, स्वतः काही बोलत नाही, त्यामुळे त्याला मोबाइल रेंज लागत नाही आणि एअरप्लेन मोडमध्येही तो चालतो. पण उपग्रह कुठे आहेत ही माहिती नेटवरून चटकन मिळते आणि थेट आभाळातून सावकाश. नेट असताना एकदा ठिपका बसला की पुढचे काही तास तो लवकर बसतो. अगदी नव्याने शोधायला लागला तर उघड्यावर मिनिटभर, दाट झाडीत कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. त्या वेळी जीपीएस बिघडला म्हणून घाबरू नका, झाडीतून बाहेर या आणि फोन आभाळाकडे धरा.

हे झाले की एअरप्लेन मोड लावा आणि वाय-फाय, ब्लूटूथ बंद आहेत ना ते पाहा, काही फोनवर ते चालूच राहतात. अशा अवस्थेत, पडदा बंद ठेवून, चांगल्या बॅटरीचा फोन तासाला एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी खातो. फोटो काढा, नकाशा पाहा, त्याचा वेगळा खर्च होईल, पण तो तुमच्या डोळ्यांदेखत होईल.

पाच मिनिटांची खिडकी

फोन दिवसभर बंदच ठेवा असे आमचे म्हणणे नाही. घरच्यांना धीर हवा, आणि गरज पडली तर तुम्ही सापडायला हवेत. म्हणून वेळा ठरवा. उदाहरणार्थ सकाळी दहा, दुपारी एक, चार आणि सहा. त्या वेळेला एअरप्लेन मोड काढायचा, डेटा बंदच ठेवायचा, एक एसएमएस पाठवायचा, पाच मिनिटे थांबायचे आणि पुन्हा मोड लावायचा.

जागेची निवड वेळेइतकीच महत्त्वाची. गुहेत, कड्याच्या पोटात, ओल्या दाट झाडीत खिडकी उघडू नका. पाऊस स्वतः या लहरींना फारसा अडवत नाही, पण भिजलेली पाने आणि आडवा डोंगर अडवतात. फोन सॅकच्या तळाशी, डब्याला टेकून ठेवू नका, अंगाशी दाबूनही धरू नका. ज्या बाजूला वस्तीचे दिवे दिसतात त्या बाजूच्या मोकळ्या जागी या. वीस-पंचवीस पावले चालून आकडा उणे ११५ वरून उणे १०५ वर आला, तर सिग्नल दहापट सुधारला. कड्याच्या अगदी कडेला मात्र रेंजसाठी जाऊ नका. ओल्या शेवाळावर पाय घसरला तर रेंजचा काय उपयोग?

फोन चालू-बंद करत बसण्यापेक्षा एअरप्लेन मोड बरा. चालू होताना फोन मिनिटभर पडद्यासकट सगळी यंत्रणा जागी करतो आणि पहिल्यापासून टॉवर शोधतो. रात्री आठ-दहा तास लागणारच नसेल तर बंद करणे ठीक.

गटाने जात असाल तर तुमच्याकडे एक फोन नाही, चार बॅटऱ्या आहेत असे समजा. एकाच वेळी एकच फोन खिडकीला उघडायचा, बाकी एअरप्लेन मोडवर, प्लास्टिकच्या पिशवीत. वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर कुठल्या खिडकीला कोणाचा फोन, तेही पायथ्याला ठरवा.

वाट चुकलीच तर

थांबा. पहिले काम नकाशा उघडून आपल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहिण्याचे. मग ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर ऐकू येत असेल तर हा फोन त्याच्यामार्फत जाऊ शकतो. पडद्यावर Emergency calls only दिसते त्याचा अर्थ हाच. ते वाचून "रेंज नाही" असे समजून फोन खिशात घालू नका. एअरप्लेन मोड आधी हाताने काढा, फोन आपणहून काढेल यावर विसंबू नका.

बोलताना गोष्ट सांगू नका. आधी आकडे, मग किती जण, मग कोणाला लागले आहे, मग पुढची खिडकी किती वाजता. त्या मुलाने "खूप धुकं आहे" म्हणण्यात जो श्वास घालवला, त्यात अक्षांशाचे पाच अंक सांगून झाले असते. आवाज टिकत नसेल तर तेच सारे एसएमएसने घरच्यांना पाठवा. बोलण्यासाठी जोडणी सलग टिकावी लागते, एसएमएसला क्षणभराची फट पुरते. मात्र ११२ ला लावलेला फोन सोडला, तर कोणालाही काही कळवायला तुमच्याच कंपनीची रेंज हवी.

लागत नसेल तर सलग वीस वेळा लावत बसू नका. प्रत्येक प्रयत्न पूर्ण जोराचा असतो. दोन-तीनदा लावा, मोड लावा, जागा बदला किंवा अर्धा तास थांबा. आणि बॅटरी पंधरा टक्क्यांच्या खाली जाण्याआधी हे करा. जुन्या बॅटरीचे टक्के शेवटी शेवटी फसवतात. पडून असताना बारा टक्के दिसतात, पण पूर्ण जोरात फोन लावताच एकदम मोठा प्रवाह खेचला जातो, बॅटरीचा दाब कोसळतो आणि फोन विझतो. गारठ्यात हे जास्तच होते. त्या मुलाचे नऊ टक्के असेच गेले. फोन लावण्याआधी तो काखेत धरून ऊब द्या, पडद्याचा उजेड कमी करा.

"पण पॉवर बँक आहे ना," असे कोणी म्हणेल. असावीच. पण तिच्यावर लिहिलेले १०,००० एमएएच तुमच्या फोनमध्ये साधारण ६,००० होऊन पोचतात, बाकीचे दाब वाढवण्यात आणि उष्णतेत जातात. आणि पावसाळ्यातला खरा घोटाळा वेगळाच आहे. चार्जिंगच्या भोकात ओल गेली की अनेक फोन चार्जिंगच नाकारतात, ओल असल्याची सूचना दाखवून गप्प बसतात. भरलेली पॉवर बँक हातात आणि फोन उपाशी, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

घरी बसलेल्यांना

तुमच्या मुलाचा फोन दोन तास लागला नाही तर तो संकटात आहे असे समजू नका. त्याने हे आवाहन वाचले असेल तर फोन मुद्दामच लागत नसेल. निघण्याआधी त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या. कुठल्या वाटेने चढणार आणि उतरणार, खिडकीच्या वेळा काय, आणि रात्री किती वाजेपर्यंत काहीच कळले नाही तर ११२ ला कळवायचे. ही शेवटची वेळ आधी ठरवणे फार गरजेचे आहे, कारण एअरप्लेन मोडची किंमत हीच आहे. तो लावलेला असताना फोनला बाहेरून कोणी गाठू शकत नाही आणि टॉवरवर त्याची नोंदही होत नाही. वेळा ठरलेल्या नसतील तर हा उपाय उलटू शकतो.

आणि कृपा करून चाळीस फोन लावू नका. क्षीण रेंजमध्ये आलेला प्रत्येक फोन त्या बॅटरीतून जातो. एक एसएमएस टाका, तो पुढच्या खिडकीला पोचेल. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले पोचणार नाही, कारण डेटा बंद असेल.

त्या चार मुलांचा दिवस पुन्हा एकदा मनात आखून पाहतो. खिरेश्वरला चहा, दुसरी सिम बंद, नकाशावर ठिपका, डेटा बंद, चारही फोन एअरप्लेन मोडवर. दहाला तोलार खिंडीत एक एसएमएस. एकला पठारावर दुसरा. वाट तरीही चुकली असती, धुके काही सेटिंगने हटत नाही. पण पाच वाजता त्यांच्याजवळ तीन कोरडे, निम्म्याहून जास्त भरलेले फोन असते आणि निळा ठिपका त्यांना सांगत असता की देऊळ त्या टेकडीच्या पलीकडे आहे. कदाचित त्यांनी आम्हाला फोन केलाच नसता. सरळ देवळात जाऊन पिठलं-भाकरी खाल्ली असती.

आम्हाला तसेच हवे आहे.

आपला,
बचाव पथकात दोर वाहणारा एक डोंगरवेडा